अध्याहृत पदाचे मोल : बचत गटासाठी केलेल्या एका चित्रफितीची भाषा

१. विषय आणि मर्यादा

प्रस्तुत टिपणाचा विषय एक लहानशी शैक्षणिक चित्रफीत आहे. महिला बचत गटांतील भगिनींना घरखर्च, बचत व कर्ज यांचा हिशेब समजावा या हेतूने ती तयार केली आहे. सुमारे बारा मिनिटांच्या या चित्रफितीत तीन प्रसंग असून प्रत्येक प्रसंगानंतर पडद्यावर नाण्यांच्या चवडी व आकडे मांडून थोडे गणित करून दाखविले आहे. अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातील एका गटाच्या मासिक बैठकीत ती दाखविली गेली, तेव्हा प्रस्तुत लेखक तेथे उपस्थित होता. गटाचे, भगिनींचे व निर्मात्यांचे नाव येथे देण्याचे कारण नाही. ज्या दोषाची चर्चा पुढे करावयाची आहे तो एकट्या या चित्रफितीचा नाही. व्याजाविषयी आपण मराठीत जसे बोलतो त्या बोलण्यातच त्याचे मूळ आहे.

अर्थशास्त्रीय गुणदोषांचा निवाडा करण्याचा अधिकार या लेखकाचा नव्हे. येथे प्रश्न भाषेचा आहे. चित्रफितीतील प्रत्येक बेरीज बरोबर असूनही ती पाहून झाल्यावर बहुसंख्य भगिनींनी चुकीचे उत्तर का दिले, एवढाच शोध घ्यावयाचा आहे.

२. पहिले दोन प्रसंग

पहिला प्रसंग घरखर्चाच्या वहीचा आहे. नायिका किराणा, भाजी, वीजबिल, रेल्वेचा पास आणि मुलांची फी असे रकाने पाडते. जून महिन्यात वह्यापुस्तकांचा खर्च येतो, पुढे गणपतीचा येतो, आणि हे दोन्ही खर्च दरवर्षी ठरलेले असूनही दरवर्षी अचानक आल्यासारखे वाटतात, हे तिच्या ध्यानात येते. हा प्रसंग उत्तम साधला आहे. त्यातील संवाद घरात बोलले जातात तसेच आहेत. "दर महिन्याला तीनशे बाजूला टाकले असते तर जूनमध्ये हात पसरावा लागला नसता," हे वाक्य ऐकताच खोलीत दोघीतिघींनी माना डोलावल्या.

दुसऱ्या प्रसंगात गटाच्या कामाची पंचसूत्री आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. नाबार्डने १९९२ साली पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला. तेव्हापासून बचत गटांची चळवळ देशभर पसरली आणि तिच्याबरोबर ही पाच सूत्रेही पसरली. प्रेक्षक भगिनींना ती पाठ होती. या प्रसंगाबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही.

३. तिसरा प्रसंग : बारा हजारांचे कर्ज

मुख्य प्रश्न तिसऱ्या प्रसंगात आहे. नायिकेच्या शेजारणीला शिवणयंत्रासाठी बारा हजार रुपये हवे आहेत. उल्हासनगरच्या कापड व जीन्सच्या धंद्यामुळे या पट्ट्यात घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, त्यामुळे प्रसंगाची निवड योग्यच म्हटली पाहिजे. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. गट शेकडा दोनने कर्ज देतो. एक खाजगी कर्जवाला शेकडा दीडने देण्यास तयार आहे. दोन्हीकडे मुदत बारा महिने.

पडद्यावर प्रथम "२" आणि "१.५" हे आकडे मोठ्या अक्षरांत येतात. मग पहिला हप्ता दाखविला जातो : गटाचा १२४० रुपये, खाजगी कर्जाचा ११८०. यानंतर निवेदिका सांगते की वर्षअखेर गटाच्या कर्जावर १५६० रुपये व्याज होईल आणि खाजगी कर्जावर २१६०. कारण म्हणून "घटत्या शेष रकमेवरील व्याजआकारणी" अशी एक ओळ पडद्यावर तीनचार सेकंद राहते, आणि चित्रफीत पुढे सरकते.

चित्रफीत संपल्यावर अध्यक्षताईंनी विचारले, "मग सांगा, स्वस्त कर्ज कोणतं?" पंधरा भगिनींपैकी बहुतेकींनी "दीडवालं" असे उत्तर दिले. एक वयस्क काकू तेवढ्या म्हणाल्या, "पण त्याचे पैसे तर जास्त सांगितले की ताई. दीड कमी आणि पैसे जास्त, हे कसं?" तिला कोणी उत्तर देऊ शकले नाही. चित्रफितीनेही दिलेले नव्हते.

४. गणित

भाषेकडे वळण्यापूर्वी हे गणित सावकाश मांडणे आवश्यक आहे.

गटात बारा हजारांचे कर्ज बारा समान मुद्दल-हप्त्यांत फेडावयाचे म्हणजे दरमहा एक हजार रुपये मुद्दल. व्याज मात्र त्या महिन्यात जी रक्कम फेडावयाची राहिली असेल तिच्यावरच लागते. पहिल्या महिन्यात बाकी बारा हजार, म्हणून व्याज २४०. दुसऱ्या महिन्यात बाकी अकरा हजार, व्याज २२०. तिसऱ्या महिन्यात २००, चौथ्या महिन्यात १८०, आणि असे दर महिन्याला वीस रुपयांनी उतरत बाराव्या महिन्यात बाकी एक हजार व व्याज केवळ २०. या बारा आकड्यांची बेरीज १५६०.

खाजगी कर्जात व्याज मूळच्या बारा हजारांवर धरलेले आहे. बारा हजारांचे शेकडा दीडने १८० होतात. ते पहिल्या महिन्यातही १८० आणि बाराव्या महिन्यातही १८०. बारा वेळा १८० म्हणजे २१६०. या पद्धतीला कर्ज देणाऱ्यांच्या बोलीत "फ्लॅट" म्हणतात.

आता दोन्ही कर्जे महिन्यामहिन्याने शेजारी ठेवून पाहावी. पहिल्या तीन महिन्यांत खाजगी कर्ज घेणारीला अनुक्रमे साठ, चाळीस व वीस, म्हणजे एकूण १२० रुपये कमी भरावे लागतात. चौथ्या महिन्यात दोघींचा हप्ता सारखाच, ११८०. पाचव्या महिन्यापासून पुढे आठ महिने ती दरमहा वीस, चाळीस, साठ असे वाढत्या फरकाने अधिक भरते. या आठ महिन्यांचा फरक ७२० रुपये होतो. त्यातून सुरुवातीचे १२० वजा केले की ६०० रुपये राहतात. स्वस्त वाटणाऱ्या कर्जाची ही जादा किंमत.

फसगत नेमकी कोठे आहे, हे मधल्या व शेवटच्या महिन्याकडे पाहिले असता स्पष्ट होते. सातव्या महिन्याच्या आरंभी कर्जदार स्त्रीकडे सहा हजारच बाकी आहेत, पण ती १८० रुपये व्याज देते. म्हणजे हातात असलेल्या रकमेवर शेकडा तीन. बाराव्या महिन्यात तिच्याकडे एकच हजार उरले आहेत, आणि व्याज तेच १८०. म्हणजे शेकडा अठरा. वर्षभरात तिच्याकडे सरासरी साडेसहा हजार रुपये होते, त्यांवर दरमहा १८० म्हणजे शेकडा पावणेतीनच्या आसपास. समान हप्त्यांचे नेमके बँकगणित केले तर हा दर किंचित खाली, शेकडा २.६४ च्या जवळ येतो. कोणत्याही रीतीने मोजले तरी तो दोनपेक्षा अधिकच राहतो, दीड होत नाही.

यात आणखी एक भेद आहे, आणि चित्रफितीत त्याचा उल्लेख नाही. गटाला दिलेले १५६० रुपये गटाच्याच निधीत जमा होतात, आणि त्या निधीत कर्जदार भगिनीचाही वाटा असतो. खाजगी कर्जाचे २१६० रुपये बाहेर जातात.

५. अध्याहृत काय राहते

"शेकडा दोन" हे मराठीतील जुने व संपूर्णतः रूढ असे वचन आहे. त्यात क्रियापद नाही, काळाचा निर्देश नाही, आणि व्याज कोणत्या रकमेवर हेही नाही. बोलणारा व ऐकणारा एकाच व्यवहारात असतील तर या तिन्ही गोष्टी अध्याहृत राहिल्या तरी बिघडत नाही. गटाच्या बैठकीत "शेकडा दोन" म्हटले की "दर महिन्याला, राहिलेल्या रकमेवर" हे सर्वांना ठाऊक असते. कारण तीच पद्धत त्या महिन्यानुमहिने वहीत लिहीत आलेल्या असतात.

परंतु हेच वचन दुसऱ्या व्यवहारातून आलेल्या वचनाशेजारी ठेवले की अध्याहृत पदे बदलतात आणि त्यांचा बदल कानाला कळत नाही. खाजगी कर्जवाल्याचे "शेकडा दीड" हे रचनेने अगदी तसेच आहे. ऐकणारी स्त्री आपल्या सवयीची अध्याहृत पदे त्यात घालते आणि "दर महिन्याला, राहिलेल्या रकमेवर, शेकडा दीड" असा अर्थ घेते. वस्तुतः तेथे "पहिल्या रकमेवर, शेवटच्या महिन्यापर्यंत" अशी पदे आहेत. वर दाखविलेले सहाशे रुपये हे या न उच्चारलेल्या पदांचे मोल होय.

काळाच्या बाबतीतही हेच घडते. बँकेचा दर "वार्षिक बारा टक्के" असा सांगितला जातो. गटाचा दर "शेकडा दोन". बैठकीत एका भगिनीने सहजपणे विचारले, "बँक बारा घेते आणि आपण दोन, तर बँकेत कोण जाईल?" महिन्याचा शेकडा दोन म्हणजे वर्षाचे चोवीस, आणि बँकेचे वार्षिक बारा म्हणजे महिन्याचा शेकडा एक, तेव्हा येथे बँकेचे कर्ज निम्म्या दराचे आहे. शेकडा हा शब्द मराठीत महिन्याच्या व्याजाला चिकटलेला आहे आणि टक्के हा शब्द वर्षाच्या. अर्थाने दोन्ही शब्द शंभरातील वाटाच सांगतात, तथापि व्यवहारातील त्यांची कालगणना वेगळी आहे. चित्रफितीच्या लेखकाने हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय समजून आलटून पालटून वापरले आहेत. हा शैलीचा दोष नव्हे, अर्थाचा दोष आहे.

"घटत्या शेष रकमेवरील व्याजआकारणी" ही ओळ अध्याहृत पद भरून काढण्यासाठीच घातली आहे हे उघड आहे. पण ती परभाषेतील संज्ञेचा शब्दशः उतारा आहे. त्यात क्रियापद नाही, कर्ता नाही, आणि तिन्ही भारी शब्द एकापाठोपाठ एक आले आहेत. त्याऐवजी "जेवढे फेडायचे राहिले तेवढ्यावरच व्याज" असे म्हटले असते तर त्या वयस्क काकूंच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळाले असते.

६. आकड्यांचे उच्चारण

दुसरा प्रश्न आकड्यांचा आहे. पडद्यावर "१२४०" दिसते तेव्हा निवेदिका "एक हजार दोनशे चाळीस" असे म्हणते. गटातील स्त्रिया मात्र "बाराशे चाळीस" म्हणतात. फरक किरकोळ वाटेल, परंतु मनातल्या मनात तुलना करताना तो जाणवतो. "बाराशे चाळीस" आणि "अकराशे ऐंशी" यांतील साठाचा फरक बाजारात हिशेब करणारी स्त्री एका क्षणात काढते. "एक हजार दोनशे चाळीस" व "एक हजार एकशे ऐंशी" यांसाठी तिला आधी मनात भाषांतर करावे लागते, आणि तोवर पडद्यावरचे चित्र बदललेले असते.

याहून अधिक घातक आहे तो "१.५". दीड, अडीच, सव्वा, पावणेदोन, साडेतीन या संख्या मराठी बोलणाऱ्या निरक्षर माणसाच्याही जिभेवर असतात. पूर्वीच्या हिशेबवह्यांत दीड "१॥" असा, सव्वा "१।" असा लिहिला जाई, आणि बोललेला शब्द व लिहिलेले चिन्ह यांचे नाते सरळ होते. १९५७ साली दशमान नाणेपद्धती आल्यावर ही चिन्हे व्यवहारातून मागे पडली, पण शब्द राहिले. परिणामी आज उच्चार "दीड" आणि लेखन "१.५" अशी फारकत झाली आहे. बैठकीत एका भगिनीने, जिची घरची भाषा मराठी नव्हती, पडद्यावरचा बिंदू लक्षात न घेता हा आकडा पंधरा असा वाचला. तिला कर्ज महाग वाटले आणि योगायोगाने ती बरोबर ठरली. चित्रफितीत "दीड" हा शब्द अक्षरांनी लिहून त्याखाली आकडा दिला असता तर दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांची सोय झाली असती.

७. चित्राची भाषा

चित्र अक्षरांपेक्षा सोपे असते असे गृहीत धरले जाते. ते नेहमीच खरे नाही. या चित्रफितीत दोन्ही कर्जांसाठी बारा-बारा चवडींची एकच रांग आहे आणि शेवटी तिच्यावर व्याजाची एक लाल चवड ठेवली आहे. गटाच्या व्याजाची चवड आखूड, खाजगी कर्जाची उंच. चित्र निकाल सांगते, कारण सांगत नाही. काकूंचा प्रश्न "कसं" असा होता. चित्राचे उत्तर "किती" असे आहे.

येथे जिना हे चित्र अधिक बोलके झाले असते. गटाच्या कर्जात बाकी रक्कम दर महिन्याला एक पायरी खाली उतरते आणि व्याजाची पट्टीही तिच्याबरोबर आखूड होत जाते. खाजगी कर्जात बाकीचा जिना तसाच उतरतो, पण व्याजाची पट्टी पहिल्या पायरीच्याच मापाची राहते. शेवटच्या पायरीवर ती पायरीच्या मानाने किती मोठी आहे हे डोळ्यांनाच दिसले असते. चित्रफितीतील नाण्यांचा उपयोग करूनच हे दाखविता आले असते, अधिक खर्च लागला नसता.

८. ओळखण्याची खूण व तिची मर्यादा

चर्चेच्या अखेरीस गटाच्या सचिव ताईंनी स्वतः एक कसोटी सुचविली : हप्ता दर महिन्याला सारखाच असेल तर कर्ज महाग समजावे. ही कसोटी जवळपास बरोबर आहे, पण पुरती नाही. बँका राहिलेल्या रकमेवर व्याज धरूनही हप्ता सारखा ठेवतात. बारा हजारांवर महिन्याला शेकडा दोन या दराने बारा समान हप्ते केले तर प्रत्येक हप्ता सुमारे ११३५ रुपयांचा होतो. त्यात सुरुवातीला व्याज अधिक व मुद्दल कमी, आणि पुढे व्याज कमी व मुद्दल अधिक, अशी आतली विभागणी बदलत जाते. म्हणून हप्त्याकडे न पाहता हप्त्यातील व्याजाच्या रकान्याकडे पाहिले पाहिजे. मुद्दल उतरत असताना तो रकाना उतरत नसेल तर व्याज मूळ रकमेवर लागत आहे.

हा रकाना पाहण्याचा हक्क कर्जदाराला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्मकर्जविषयक निर्देशांनुसार, तिच्या नियमनाखालील संस्थांनी कर्जदाराला कर्जपत्रिका द्यावयाची असून तिच्यातील नोंदी त्याला समजणाऱ्या भाषेत असावयाच्या आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदतकर्जांसाठी मुख्य माहितीचे पत्रकही द्यावे लागते, आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहावा लागतो. त्यामुळे "शेकडा दीड" म्हणून सांगितलेले कर्ज कागदावर एकतीस-बत्तीस टक्क्यांच्या आसपास उमटले पाहिजे. प्रक्रियाशुल्क असेल तर त्याहूनही अधिक. बोललेला दर व लिहिलेला दर यांतील हा फरक हीच सर्वांत भरवशाची खूण आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमनाबाहेरील उसनवारीला हे निर्देश लागू नाहीत, आणि तेथे भगिनींचा स्वतःचा हिशेबच कामी येतो.

"समजणारी भाषा" या शब्दांचा अर्थ मात्र निर्देशांत लिपी व भाषा एवढ्यापुरता घेतला जाण्याचा धोका आहे. "घटत्या शेष रकमेवरील व्याजआकारणी" ही ओळही मराठीतच आहे.

९. उपसंहार

चित्रफीत टाकाऊ आहे असे येथे मुळीच म्हणावयाचे नाही. पहिल्या प्रसंगातील संवादाची जाण तिसऱ्या प्रसंगात टिकली असती, तर हे टिपण लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. सुधारणा तीन आहेत, आणि तिन्ही अल्प खर्चाच्या आहेत. दर सांगताना तो किती काळाचा व कोणत्या रकमेवरचा हे प्रत्येक वेळी, पुनरुक्तीची भीती न बाळगता, उच्चारावे. आकडे गट बोलतो तसे बोलावे. चवडींच्या जागी जिना दाखवावा.

यांपैकी पहिली सुधारणा गटाने त्याच संध्याकाळी करून पाहिली. अध्यक्षताईंनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : "शेकडा दोन, दर महिन्याला, राहिलेल्या रकमेवर" आणि "शेकडा दीड, दर महिन्याला, पहिल्या रकमेवर, शेवटपर्यंत." मग पुन्हा तोच प्रश्न विचारला. काकूंनी फळ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे फेडलेल्या पैशावर पण व्याज घेतो तो." संज्ञा कोणतीही न वापरता एवढी नेमकी व्याख्या चित्रफितीच्या बारा मिनिटांत कोठे आलेली नव्हती. पुढील आवृत्तीत निवेदिकेच्या तोंडी हेच वाक्य घालावे, अशी निर्मात्यांस सूचना आहे.